वेखंड, स्कॅनर आणि खालची लिंक

लोक फ्लेक्स बघतात, वाचत नाहीत. वाढदिवस कुणाचा, खालच्या फोटोंत आपला भाऊबंद कितव्या ओळीत बसवलाय, एवढं बघितलं की माणूस पुढे चालू लागतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. काष्टीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि माझं पोट त्या बघण्यावरच चालतं. वाढदिवस, दशक्रिया, बैलांचं प्रदर्शन, नवीन ट्रॅक्टरचं शोरूम, सगळ्यांचा मजकूर माझ्याच हातून जातो. कुणाचा फोटो किती इंच मोठा यावरून झालेली भांडणं मी इतकी मिटवलीत की खरं तर तंटामुक्तीचं बक्षीस मलाच मिळायला हवं होतं.

त्यामुळे माझी धाकटी नणंद पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "वहिनी, एवढा एक फ्लेक्स छापून द्या, मजकूर सगळा तयार हाय," तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तयार मजकूर हा प्रकार मी ओळखून आहे.

नणंद एका संस्थेत काम करते. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना शोधायचं, त्यांची तपासणी करायची, कानाचं मशीन मिळवून द्यायचं आणि बोलायला शिकवायचं हे त्यांचं काम. या कामात ती हौसेने पडली नाही. तिची लेक चार वर्षांची होईपर्यंत आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं की तिला ऐकू येत नाही. पोरगी हसायची, डोळ्यांनी सगळं टिपायची, ताट वाजलं की धावत यायची. ताट वाजल्यावर नव्हे, ताट दिसल्यावर धावत यायची, हे नंतर कळलं. बोलत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी तिला वेखंड उगाळून चाटवलं. आमच्याकडे बोलायला उशीर करणाऱ्या पोराला वेखंडच चाटवतात, आणि हमखास सांगतात की याचा चुलता पण पाच वर्षांनी बोलला होता. चार वर्षं त्या चुलत्याच्या भरवशावर गेली. पुढे मशीन बसलं, नणंदेने शिकवण्यात जिवाचं रान केलं, आणि आज ती पोरगी नगरला नोकरी करते आणि माझ्याशी वादही घालते. पण गेलेली चार वर्षं नणंद विसरलेली नाही. लहान वयात ऐकलेलं जसं मुरतं तसं नंतरचं मुरत नाही, हे ती कुणालाही, विचारलं नसलं तरी सांगते.

तर हा फ्लेक्स होता त्यांच्या एका शिबिराचा. पुण्याहून कानाची तपासणी करणाऱ्या मॅडम मशीन घेऊन काष्टीत येणार. पाच वर्षांच्या आतल्या मुलांची फुकट तपासणी. त्यातली एक तपासणी मूल झोपलेलं असताना करावी लागते. म्हणून आली गर्दी आणि लावली रांग असं चालत नाही, प्रत्येकाला त्याच्या झोपेच्या हिशेबाने वेळ द्यायची आणि त्यासाठी आधी नाव नोंदवायचं. मॅडमनी साफ सांगितलं होतं की सोमवारी दुपारपर्यंत पुरेशी नावं आली नाहीत तर मशीन दुसऱ्या तालुक्यात जाईल. मग ते परत इकडे कधी येईल याचा नेम नव्हता.

फ्लेक्सवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत होतं, 'भव्य मोफत बालश्रवण तपासणी शिबिर'. त्याखाली संस्थेचं लांबलचक नाव. मध्ये हात जोडलेले आमच्या दूध डेअरीचे चेअरमन, कारण हॉल त्यांचा. आणि खालच्या कोपऱ्यात एक क्यूआर कोड, त्याखाली दोनच शब्द, 'स्कॅन करा'.

"कशासाठी करा?" मी विचारलं.

"नोंदणीसाठी."

"ते कुठं लिहिलंय?"

"स्कॅन केलं की फॉर्म उघडतो ना, वहिनी. त्यात समदं हाय. आन् आता स्कॅन कुनाला येत न्हाई? भाजीवाल्यापशी पन स्कॅनर हाय."

आमच्याकडे त्या चौकटीलाच स्कॅनर म्हणतात. मी म्हटलं, "ताई, भाजीवाल्यापाशी आहे म्हणूनच मला भीती वाटते." पण तिला घाई होती. फ्लेक्स छापला आणि बाजारतळाच्या तोंडाशी, विजेच्या खांबावर चांगला उंच बांधला. दुसरा डेअरीपाशी.

तीन दिवसांत फॉर्म तिघांनी भरला, आणि ते तिघंही नणंदेच्याच ऑफिसातले, फॉर्म चालतो का बघायला. शनिवारी सकाळी ती दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. "लोकांना गरजच न्हाई वाटतं," म्हणाली. ती असं बोलते तेव्हा मला राग येतो. तिचा नाही, तिला असं बोलायला लावणाऱ्या गोष्टीचा. मी शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, "चला, आज बाजार आहे. गरज नाही की कळत नाही, ते उभं राहून बघू."

आम्ही फ्लेक्सखाली चहाच्या टपरीच्या आडोशाला उभ्या राहिलो. एक माणूस थांबला, मान वर करून बघितलं, खिशातून मोबाईल काढला. नणंदेने माझा दंड धरला. माणसाने पैसे पाठवायचं ॲप उघडलं, हात उंच करून कोडवर धरला. कोड लहान, फ्लेक्स उंच, ॲपने काही पकडलंच नाही. टाचा उंचावून त्याने परत धरला, तेव्हा कुठे पकडलं, आणि स्क्रीनवर आलं की हा कोड चालत नाही. पैशाचं ॲप पैशाचाच कोड ओळखतं, फॉर्मचा त्याला काय कळणार? "बंद पडलाय ह्यांचा," असं म्हणून तो निघून गेला.

मग एक तरुण बाई आली, कडेवर मूल. तिने फ्लेक्सचा फोटो काढला, कुणाला तरी पाठवला आणि गेली. नणंद खूश झाली. मी विचारलं, "ज्याला पाठवला तो स्कॅन कशाने करणार? फोटो त्याच्या मोबाईलमध्ये, आणि कॅमेरा पण त्याच मोबाईलला. मोबाईलने मोबाईलचाच फोटो कसा काढणार?" ज्यांना येतं ते गॅलरीतून कोड वाचतात, पण ते बाजारात किती जणांना येतं?

खांबाच्या बुडाशीच एक म्हातारी बसते. बाळघुटीची औषधं, मुरुडशेंग, मायफळ, हळकुंड, वेखंड असं तिचं दुकान एका पोत्यावर मांडलेलं असतं. माझ्या लग्नाच्या आधीपासून ती तिथंच आहे. मी तिला सरळ विचारलं, "आजी, हे वर कशाचं लावलंय, लोक काय म्हणतात?"

तिने वर बघायचीही तसदी घेतली नाही. "वर्गनी," ती म्हणाली. "चेअरमन हात जोडून उभा हाय, खाली स्कॅनर हाय. आजून काय आसनार? देवळाला मागत आसतील. मी तर समद्यांला सांगते, स्कॅन करू नगा, पैसं जात्यात."

नणंदेला हसावं का रडावं कळेना. मला मात्र एकदम बरं वाटलं. दुखणं कळलं की निम्मं काम झालं. गणपतीला, सप्त्याला, जत्रेला आमच्याकडे नेमका असाच फ्लेक्स लागतो. वर हात जोडलेला पुढारी, खाली स्कॅनर. म्हातारीची काही चूक नव्हती. आम्हीच वर्गणीच्या साच्यात शिबिर ओतलं होतं.

दुकानात येऊन मी फाइल उघडली आणि नणंदेला शेजारी बसवलं. म्हटलं, "आता मी विचारते तेवढंच सांगा. रस्त्याने चाललेल्या बाईने का म्हणून थांबावं?"

"तिच्या बाळाला ऐकू येत नसंल तर."

"ते तिला माहीत आहे का?"

"न्हाई. आपल्याला तरी कुठं म्हाईत हुतं."

"मग 'बालश्रवण' वाचून ती का थांबेल? तिला काय माहीत आहे ते सांगा."

ती हळू आवाजात म्हणाली, "लेकरू बोलत न्हाई, येवढंच म्हाईत आसतं. आन् वेखंड चाटवत्यात."

मी तेच टाइप केलं. 'भव्य' काढलं, 'बालश्रवण' काढलं, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वेखंड चाटवलं, तरी लेकरू बोलत नाही? आधी त्याचे कान तपासून घ्या.' त्याखाली, 'मागून हाक मारल्यावर वळत नसेल तर उशीर करू नका. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी.' मग जागा आणि दिवस.

नणंदेने ते वाचलं आणि पदराने डोळे पुसले. मग लगेच घाबरलीही. "संस्थेला चालंल का? वेखंड म्हंजे... सायबांना वाटंल काय गावठी लिवलंय."

"साहेबांच्या लेकराला वेखंड चाटवत नसतील. ज्यांना चाटवतात त्यांच्यासाठी लिहिलंय," मी म्हटलं. तिने तिथूनच फोन लावला. पलीकडचे साहेब भले होते. म्हणाले, तुमच्या गावाला जे कळेल ते लिहा, फक्त संस्थेचं नाव तळाला राहू द्या.

आता कोड. मी तो मोठा केला आणि भोवती चांगली पांढरी जागा सोडली, कारण रंगाला चिकटवलेला कोड मोबाईल पटकन वाचत नाही. वर लिहिलं, 'तपासणीची वेळ ठरवण्यासाठी मोबाईलच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा'. खाली लाल अक्षरांत, 'हा पैसे भरण्याचा स्कॅनर नाही. एक रुपयाही लागत नाही.' नणंद म्हणाली, "फॉर्ममधी काय काय भरायचं ते पन लिवा. लोकं आधारला भितात." खरंच होतं. 'बाळाचं नाव, वय, गाव, तुमचा मोबाईल नंबर. बाकी काही विचारत नाही.' एवढी एक ओळ टाकली.

राहिली लिंक. फॉर्मची मूळ लिंक म्हणजे दोन ओळी भरतील एवढी इंग्रजी अक्षरांची भेळ, लहान-मोठी, मध्येच आकडे. ती छापून कुणी टाइप करील ही आशाच नको. मी संस्थेच्या साइट बघणाऱ्या पोरीला फोन करून सांगितलं की तुमच्या साइटच्या नावापुढे एक तिरकी रेघ दे आणि पुढे इंग्रजीत फक्त 'कान' (kan). तीन अक्षरं, सगळी लहान. ते टाइप केलं की थेट फॉर्म उघडला पाहिजे. तिने अर्ध्या तासात करून दिलं. मग कोडही मी त्याच छोट्या पत्त्याचा नवीन बनवला. पत्ता आखूड असला की कोडमधले ठिपके कमी होतात आणि लांबूनही पकडला जातो. त्याखाली लिहिलं, 'स्कॅन होत नसेल तर मोबाईलवर हा पत्ता टाइप करा', आणि पत्ता असा ठसठशीत की चष्मा विसरलेल्यालाही दिसावा. शेवटी, 'नाहीतर सरळ फोन करा', आणि नणंदेचा नंबर.

"आता चेअरमन," नणंद म्हणाली.

चेअरमनचा फोटो मी फ्लेक्सवरून काढून टाकला होता आणि हे त्यांना सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. मी सांगितलं. डेअरीच्या ऑफिसात जाऊन दोन्ही फ्लेक्स टेबलावर अंथरले आणि म्हटलं, "चेअरमनसाहेब, तुमच्या फोटोमुळे लोक वर्गणी समजून पळतायत."

ऑफिसात चहा पीत बसलेले दोघं थिजले. चेअरमननी माझ्याकडे बघितलं, फ्लेक्सकडे बघितलं आणि मांडीवर थाप मारून हसले. "मंजी माजं तोंड बघून लोकं पाकीट झाकत्यात म्हना की!"

"तुमचा फोटो हॉलच्या दारावर लावते. स्वागताचा, मोठा. लोक आत आल्यावर बघतील."

"लावा. पन माज्या ह्या फोटूपेक्षा मोटा पायजे," ते म्हणाले. तेवढं मी मान्य केलं. सांगितलं ना, तंटामुक्तीचं बक्षीस.

दुपारी फ्लेक्स छापून झाला. छापायच्या आधी दुकानातल्या, शेजारच्या मेडिकलमधल्या आणि रसवंतीवाल्याच्या जुन्यापुराण्या मोबाईलवर कोड आणि पत्ता दोन्ही चालवून बघितले, कारण छापलेल्या फ्लेक्सवर खोडरबर चालत नाही. संध्याकाळचा बाजार भरायच्या आत तो खांबावर छातीच्या उंचीला बांधला. शिवाय गावच्या ग्रुपांवर नुसता फोटो न टाकता सोबत लिंक लिहून पाठवली, म्हणजे बोट लावलं की उघडेल.

म्हातारीने एका गिऱ्हाइकाकडून वरचा मजकूर वाचून घेतला आणि ती भडकलीच. "माज्या डोक्यावर माज्याच वेखंडाच्या नावानं पाटी लावती व्हय गं? माज्या पोटावर पाय देती?" मी म्हटलं, "आजी, वेखंड खुशाल विका. फक्त हाक मारून बघा म्हणतोय आम्ही." ती पोतं ओढून खांबापासून चार हात लांब जाऊन बसली आणि मला पाठ दाखवली. मला वाईट वाटलं, पण फ्लेक्स मी हलवला नाही.

नणंदेचा फोन त्या संध्याकाळीच वाजायला लागला. रविवारी फॉर्ममध्ये नावं येत राहिली. राजेवाडीकडची, लिंपणगावची, नदीपलीकडची. सोमवारी दुपारी मॅडमचा निरोप आला की येते. नणंदेने तो निरोप मला दोनदा वाचून दाखवला आणि मी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं.

शिबिराच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि हॉलवर गेले. चेअरमन दारावर, कबूल केल्याप्रमाणे, प्रचंड. नणंदेची लेक रजा काढून नगरहून आली होती. आयांना फॉर्मवरची वेळ सांगून बसवायचं काम तिच्याकडे होतं. आत एकेक बाळ झोपवलं जात होतं, त्यामुळे हॉलमध्ये सगळे कुजबुजतच बोलत होते. आमच्याकडे एवढे लोक जमून एवढी शांतता मी फक्त दहाव्याला बघितलीय.

आणि दारातून ती वेखंडवाली म्हातारी आली. मागे तिची नातसून, कडेवर सव्वा वर्षाचं पोरगं. मी नातसुनेला ओळखलं. शनिवारी सकाळी फ्लेक्सचा फोटो काढून गेलेली हीच ती बाई.

"ह्याचा बाप चाकणला कंपनीत हाय," नातसून हळूच म्हणाली. "त्यांला पयला फोटू पाठवला तर म्हनले, हे स्कॅन कसं करू, फोटू माज्याच मोबाईलात हाय, आन् हे हाय कशाचं? नवा फोटू पाठवल्यावर वाचून लगीच फोन केला मला. म्हनले, त्याला मागनं हाक मार. मारली. मंग त्यांनी खालचा पत्ता टाइप करून तिकडनंच नंबर लावला." म्हातारी माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत म्हणाली, "मीच चाटवत हुते ह्याला. रोज."

तपासणीला बराच वेळ लागला. बाहेर येऊन मॅडमनी सांगितलं की दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं, पुण्याला पक्की तपासणी करून लगेच मशीन बसवायचं, वय लहान आहे ही फार चांगली गोष्ट आहे. नातसून रडायला लागली. नणंद तिच्यापाशी बसली, पण तीही रडत होती. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला सांगायची गरज नव्हती. सव्वा वर्ष आणि चार वर्षं. असली पाटी आमच्या वेळी कुणी त्या खांबावर लावली असती तर, हे माझ्याही मनात आलं.

म्हातारीने मात्र रडणं मध्येच तोडलं. "ते मशीन का काय, ते लावल्यावर ह्यो बोलंल का?" तिने नणंदेला विचारलं. "खरं सांग. लोकांसारकं नगं."

हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला नणंदेची लेक पाठमोरी उभी होती, एका बाईला खुर्ची सरकवून देत होती. वेणीच्या बाजूला कानामागचं मशीन दिसत होतं. झोपलेल्या बाळांची पर्वा न करता नणंदेने मोठ्याने हाक मारली, "पोरी!"

ती वळली. "काय गं आई? हळू बोल ना, बाळं झोपलीत," ती म्हणाली.

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने नातसुनेच्या कडेवरचं पोरगं स्वतःकडे घेतलं आणि पुण्याला कधी जायचं ते विचारलं.